आईला सर्दी किंवा फ्लू असताना नवजात बाळाचे स्तनपान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे मुख्यतः पहिल्या २८ दिवसांच्या बाळाला डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत, कारण सहा महिन्यांच्या बाळाला जी सर्दी केवळ त्रासदायक ठरते तीच दहा दिवसांच्या बाळाला रुग्णालयात नेऊ शकते. बाळ मुदतीपूर्वी जन्मलेले असेल, त्याचे वजन कमी असेल किंवा त्याला हृदयाचा अथवा फुफ्फुसांचा आजार असेल, तर आईला पहिली शिंक आली त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. पुढील उत्तरे त्या बोलण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

मला सर्दी झाली आहे आणि अंगात कणकणही आहे. बाळाला अंगावर पाजू का?

होय, पाजावे. सर्दीचे विषाणू आणि फ्लूचा विषाणू हे श्वसनमार्गाचे रहिवासी आहेत. ते नाकात, घशात आणि फुफ्फुसांत वाढतात आणि दुधावाटे बाळाला त्यांची लागण होत नाही. अंगात ताप असला म्हणून दूध नासत नाही, ‘गरम पडत’ नाही आणि बाधतही नाही. ताप आला की पाजणे थांबवून दूध पिळून टाकून देण्याचा सल्ला आजही बाळंतिणीला मोठ्या मायेने दिला जातो, पण त्यातून बाळाचे दुहेरी नुकसान होते. ज्या दिवसांत त्याला दुधातील संरक्षणाची सर्वाधिक गरज असते नेमके तेच दिवस दुधाविना जातात, आणि लागणीचा खरा मार्ग, म्हणजे आईचा श्वास आणि आईचे हात, मात्र तसाच उघडा राहतो.

दुधातून नाही, तर मग बाळाला लागण होते तरी कशी?

खोकताना, शिंकताना आणि बोलताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून, आणि नाक पुसलेल्या हातांतून. पाजताना आईचे तोंड बाळाच्या चेहऱ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर असते, त्यामुळे धोका पाजण्यात नसून त्या जवळिकीत आहे. फ्लूचा विषाणू स्टील किंवा प्लास्टिकसारख्या कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर २४ ते ४८ तास तग धरू शकतो, कापडावर त्याहून कमी. म्हणून रात्रभर हाताळलेला मोबाइल बाजूला ठेवून थेट बाळाला उचलणे ही खोकल्याइतकीच मोठी चूक ठरू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फ्लू झालेली व्यक्ती लक्षणे दिसण्याच्या सुमारे १ दिवस आधीपासून विषाणू पसरवत असते. त्यामुळे ताप चढेपर्यंत बाळाचा विषाणूशी संबंध बहुधा येऊन गेलेला असतो. याचा अर्थ खबरदारी व्यर्थ आहे असा नाही, कारण बाळापर्यंत पोहोचणाऱ्या विषाणूची मात्रा कमी करण्यालाही महत्त्व आहे. पण ताप आल्यावर घाईने पाजणे तोडून काहीच हाती लागत नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

दुधातील प्रतिपिंडांमुळे बाळ आजारी पडणार नाही, असे धरून चालावे का?

नाही. आईच्या शरीराने ओळखलेल्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे दुधात उतरतात हे खरे आहे. त्यांतील मुख्य प्रकार बाळाच्या घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर राहून विषाणूला पेशींना चिकटू न देण्याचे काम करतो. मात्र नव्या विषाणूविरुद्ध ही प्रतिपिंडे तयार होण्यास काही दिवस लागतात, आणि विषाणूचा मारा सर्वाधिक असतो तो आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. दूध हे संरक्षण आहे, कवच नव्हे. ‘आईचे दूध पितो आहे, त्याला काही होणार नाही’ असे म्हणून मास्क न लावणे आणि ‘आई आजारी आहे’ म्हणून दूध तोडणे, या दोन्ही टोकांना बाळाचेच नुकसान आहे.

प्रत्यक्ष पाजताना नेमके काय करायचे?

येथे क्रमाला महत्त्व आहे, कारण बहुतेक चुका क्रमात होतात. आधी नाक शिंकरून घ्यावे, वापरलेला कागदी रुमाल झाकणाच्या डब्यात टाकावा, आणि त्यानंतर साबण लावून किमान २० सेकंद हात धुवावेत. नखांच्या कडा आणि अंगठे सहसा राहून जातात, तिकडे विशेष लक्ष द्यावे. हात स्वच्छ टॉवेलने कोरडे केल्यावर नाक आणि तोंड पूर्ण झाकेल असा मास्क लावावा आणि मगच बाळाला घ्यावे. आई अनेकदा हात धुते, मग मास्क शोधते, उशी सरकवते, मोबाइलवर वेळ पाहते आणि त्याच हातांनी बाळाला जवळ घेते. ते टाळण्यासाठी पाणी, मास्क, टॉवेल आणि उशी आधीच जागेवर मांडून ठेवावी आणि हात धुतल्यानंतर बाळाखेरीज कशालाही हात लावू नये.

साबण-पाणी हाताशी नसेल तेव्हा किमान ६० टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर चालते, पण ते पूर्ण वाळेपर्यंत बाळाला स्पर्श करू नये. प्रत्येक वेळी स्तन साबणाने धुण्याची गरज नाही. तसे केल्यास स्तनाग्रांची त्वचा कोरडी पडून भेगा पडतात. मात्र उघड्या छातीवर खोकला किंवा शिंक उडाली असेल, तर तेवढी जागा साबण-पाण्याने धुऊन घ्यावी.

पाजण्याची स्थिती निवडण्यालाही वाव आहे. बाळाला काखेखालून बाजूला धरल्यास त्याचे पाय आईच्या पाठीकडे जातात आणि नेहमीच्या मांडीवरच्या स्थितीपेक्षा आईला तोंड दुसरीकडे वळवणे सोपे होते. पाजताना खोकल्याची उबळ आली तर मान वळवून कोपराच्या आतल्या बाजूत खोकावे. मात्र उबळ आवरत नसेल, तर करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवावी आणि बाळाला क्षणभर दुसऱ्या कोणाकडे द्यावे.

कोणता मास्क लावावा? बाळालाही लावावा का?

तीन पदरी सर्जिकल मास्क पुरेसा आहे. तो ओलसर झाला की बदलावा, पुढच्या भागाला हात लावू नये आणि काढताना कानांमागच्या दोऱ्या धरून काढावा. हनुवटीवर उतरवलेला मास्क पुन्हा वर चढवणे म्हणजे हात पुन्हा अस्वच्छ करणे होय. बाळाच्या चेहऱ्यावर मास्क किंवा कापड कधीही घालू नये. त्यामुळे श्वास कोंडण्याचा धोका असतो.

पाजण्याव्यतिरिक्तच्या वेळात बाळाने कोठे असावे?

घरात निरोगी माणूस असेल, तर लंगोट बदलणे, ढेकर काढणे, आंघोळ आणि झोपवणे ही कामे त्याच्याकडे सोपवावीत आणि आईने बाळाला केवळ पाजण्यापुरते घ्यावे. बाळाचा पाळणा आईच्या अंथरुणापासून किमान ६ फूट दूर, खिडकीची हवा खेळेल पण थेट झोत लागणार नाही अशा जागी ठेवावा. मदतीला कोणीच नसेल, आणि अनेक घरांत ते वास्तव आहे, तर अंतर आणि मास्क यांवरच भर द्यावा. अंतर राखता येत नाही म्हणून दूध बंद करण्याचे कारण नाही.

तापात आणि झोप आणणाऱ्या औषधाच्या अमलाखाली बाळाला शेजारी घेऊन आडवे पडून पाजणे टाळावे. डोळा लागल्यास आईला जाग येत नाही, आणि मऊ गादी किंवा पांघरूण बाळाच्या तोंडावर येऊ शकते. गळून गेलेल्या आईने सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजणे तर त्याहून धोक्याचे आहे. झोप येईल असे वाटत असेल, तर पाजण्यापूर्वीच कोणाला तरी शेजारी बसवून घ्यावे.

उठून बसण्याइतकीही ताकद नाही. अशा वेळी काय करावे?

दूध काढून दुसऱ्या निरोगी व्यक्तीने ते पाजावे. फ्लू झालेल्या आईचे काढलेले दूध बाळाला देण्यास योग्य असते. ते उकळण्याची किंवा टाकून देण्याची गरज नाही. दूध काढतानाही हात धुणे आणि मास्क लावणे हा क्रम तोच राहतो, कारण खोकल्याचे तुषार उघड्या भांड्यात पडू शकतात. पंप वापरल्यास दुधाला स्पर्श होणारे सर्व भाग प्रत्येक वेळी गरम पाणी आणि साबणाने धुवावेत, आणि हे काम शक्यतो आजारी आईने करू नये.

काढलेले दूध झाकलेल्या स्वच्छ भांड्यात सुमारे २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास आणि फ्रिजच्या आतल्या भागात ४ दिवस टिकते. खोली याहून उष्ण असेल तर दूध लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. ते कोमट करायचे असल्यास भांडे गरम पाण्यात धरावे, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. बाळाने पिऊन उरलेले दूध २ तासांत संपवावे अथवा टाकावे.

पाजण्यासाठी छोटी वाटी किंवा चमचा वापरता येतो. बाळाला जवळजवळ बसते धरून वाटीची कड खालच्या ओठावर टेकवावी आणि दूध ओठांपर्यंत येईल इतकीच वाटी कलती करावी. बाळ ते जिभेने चाटून घेते. दूध तोंडात ओतू नये, ठसका लागतो.

एका वेळी किती दूध लागेल, हे कसे ठरवावे?

पहिल्या आठवड्यानंतर साधारण हिशेब असा धरता येतो, की बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर दूध लागते. बाळ ३ किलोचे असेल तर २४ तासांत ४५० मिलिलिटर, आणि ९ वेळा पाजल्यास प्रत्येक वेळी ५० मिलिलिटर. हा अंदाज आहे, कोटा नव्हे: एखाद्या वेळी बाळ ३५ घेईल, पुढच्या वेळी ७०. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाची गरज याहून पुष्कळ कमी असते, त्यामुळे हा हिशेब तेथे लावू नये.

एखाद्या उदाहरणातून सगळे समजावून सांगता येईल का?

समजा, बाळ ११ दिवसांचे, ३ किलो वजनाचे आणि पूर्ण दिवसांचे आहे. संध्याकाळी आईचा घसा खवखवू लागतो. त्याच क्षणी मास्क लावणे आणि पाळणा दूर सरकवणे ही सर्वांत मोलाची कृती ठरते, कारण ताप येण्याची वाट पाहण्यात एक रात्र निघून जाते. रात्री २ वाजता हुडहुडी भरते, अंग मोडून येते आणि ताप १०२ अंश फॅरनहाइट निघतो. आई पॅरासिटामॉल घेते, पाणी पिते, हात धुऊन मास्क लावते आणि २:३० वाजता नेहमीप्रमाणे पाजते. बाळाची आजी ढेकर काढून त्याला झोपवते.

सकाळी डॉक्टर तपासतात. प्रसूतीला दोन आठवडेही झालेले नसल्यामुळे ते आईला गुंतागुंतीचा धोका अधिक असलेल्या गटात धरतात आणि विषाणुरोधक औषध लगेच सुरू करतात. दुसऱ्या दिवशी आईला बसवत नाही, म्हणून तीन वेळा दूध काढून प्रत्येक वेळी सुमारे ५० मिलिलिटर वाटीने दिले जाते. तिसऱ्या दिवशी दूध कमी झाल्यासारखे वाटते आणि बाळाचे ओले लंगोट ७ वरून ५ वर येतात. घाईने पावडरचे दूध न आणता आई स्वतःच्या पिण्यातील पाण्याचे प्रमाण वाढवते आणि पाजण्याच्या वेळा ८ वरून ११ वर नेते. चौथ्या दिवशी लंगोट पुन्हा ६ होतात. ते ५ च्या खाली गेले असते किंवा बाळ झोपाळू झाले असते, तर मात्र घरी वाट पाहणे चुकीचे ठरले असते.

पाचव्या दिवशी बाळाचे नाक चोंदते. काखेतील तापमान ९८.२ आहे, श्वास मिनिटाला ४८ आहेत आणि ते पूर्ण पीत आहे, म्हणून सलाइनचे थेंब घालून लक्ष ठेवले जाते. सहाव्या दिवशी ते लागोपाठ दोन वेळा निम्मेच दूध घेऊन सोडून देते. ताप अजूनही नाही, तरीही त्याला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे नेले जाते, आणि हा निर्णय योग्य आहे. इतक्या लहान बाळात दूध पिणे कमी होणे हे तापाइतकेच, कधी त्याहून आधी दिसणारे लक्षण असते.

आजारपणात माझे दूध कमी झाले आहे. ते परत येईल का?

बहुतेक वेळा येते. ताप, घाम आणि खाण्यापिण्यातील घट यांमुळे दोन-तीन दिवस प्रमाण उतरते, पण दूध तयार होण्याचे प्रमाण ते स्तनातून किती वेळा बाहेर निघते यावर अवलंबून असल्यामुळे २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणे किंवा काढणे चालू ठेवले, तर ते पूर्ववत होते. तहान भागेल इतके आणि लघवीचा रंग फिका राहील इतके पाणी प्यावे. बाळाला पुरेसे मिळते आहे की नाही याचा अंदाज स्तन भरल्यासारखे वाटण्यावरून बांधू नये. बाळाच्या जन्मापासून पाचव्या दिवसानंतर २४ तासांत किमान ६ ओले लंगोट, हा अधिक विश्वासार्ह निकष आहे.

कोणती औषधे घेता येतात आणि कोणती टाळावीत?

ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल ही पहिली निवड आहे. प्रौढ स्त्रीसाठी एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये ४ ते ६ तासांचे अंतर आणि २४ तासांत ४ ग्रॅमची कमाल मर्यादा असे त्याचे प्रमाण आहे; वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून ते कमी करावे. आयबुप्रोफेनही स्तनपानात चालते, मात्र पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा प्रसूतीच्या काळातील उच्च रक्तदाब असल्यास ते स्वतःहून घेऊ नये. ॲस्पिरिन टाळावे, कारण विषाणूजन्य आजारात ते लहान मुलांमध्ये यकृत आणि मेंदूवर परिणाम करणाऱ्या एका दुर्मीळ पण गंभीर विकाराशी जोडले गेले आहे.

खरी अडचण ‘सर्दीची गोळी’ या नावाने मिळणाऱ्या मिश्र औषधांत आहे. एका गोळीत अनेकदा पॅरासिटामॉल, नाक मोकळे करणारे औषध आणि झोप आणणारे ॲलर्जीविरोधी औषध एकत्र असते. अशी गोळी आणि वेगळे पॅरासिटामॉल दोन्ही घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते, म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय काहीही घेऊ नये. नाक मोकळे करणाऱ्या तोंडावाटेच्या औषधांपैकी स्यूडोएफेड्रिनमुळे दूध घटू शकते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, केवळ ८ मातांच्या एका छोट्या अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनंतर दिवसभराच्या दुधात सरासरी २४ टक्के घट दिसली. अभ्यास लहान असला तरी दूध अजून स्थिरावत असलेल्या नवप्रसूत आईने हा धोका पत्करण्याचे कारण नाही. त्याऐवजी सलाइनचे थेंब, आणि तेवढ्याने भागले नाही तर ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीनचे नाकात घालायचे थेंब अधिक योग्य, कारण ते रक्तात फार कमी जातात. ते ३ दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. नंतर नाक उलट अधिक चोंदते.

क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या ॲलर्जीविरोधी औषधांमुळे आई आणि बाळ दोघेही सुस्तावू शकतात. येथे आणखी एक पेच आहे: औषधाने सुस्तावलेले बाळ आणि आजाराने सुस्तावलेले बाळ वेगळे ओळखता येत नाही. कोडीन असलेली खोकल्याची औषधे तर पूर्णपणे टाळावीत; काही स्त्रियांच्या शरीरात कोडीनचे मॉर्फिनमध्ये रूपांतर फार वेगाने होते आणि दुधावाटे पोहोचलेले मॉर्फिन बाळाचा श्वास मंदावू शकते. प्रतिजैविके विषाणूंवर काम करत नाहीत. जिवाणूसंसर्गाचे निदान झाले असेल तरच ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यावीत.

फ्लूचे विषाणुरोधक औषध स्तनपानात चालते का?

चालते. स्तनदा मातांसाठी ओसेल्टामिविर हे पसंतीचे औषध आहे, कारण ते दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते. नेहमीची मात्रा ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस अशी असते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावे. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास त्याचा उपयोग सर्वाधिक होतो, त्यामुळे ‘दोन दिवस पाहू’ हे धोरण येथे महागात पडते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या २ आठवड्यांत फ्लूमुळे न्यूमोनियासारखी गुंतागुंत होण्याचा धोका आईलाही अधिक असतो, म्हणून चाचणीच्या अहवालासाठी उपचार अडवून ठेवले जात नाहीत. आईच्या दुधातून जाणाऱ्या औषधाने बाळाचे संरक्षण होते, असे मात्र समजू नये. ते प्रमाण त्यासाठी फारच अपुरे असते.

वाफ, बाम आणि मध यांचे काय?

मध आईने खाल्ला तर चालतो. बाळाला मात्र एक वर्षाचे होईपर्यंत मधाचे बोटसुद्धा चाटवू नये, कारण मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. कापूर किंवा मेन्थॉल असलेला बाम छातीवर लावू नये, कारण बाळाचे नाक आणि तोंड तेथेच टेकते. बाळाला तर तो कोठेच लावू नये. आईने वाफ घेताना बाळ मांडीवर किंवा जवळपास नसावे.

हा ताप फ्लूचाच आहे, हे कशावरून?

हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, आणि तो सर्वांत आधी विचारला जावा असे आम्हांला वाटते. बाळंतिणीला आलेला ताप ‘गार हवा लागली’ म्हणून अंगावर काढला जातो, पण नाक वाहणे, घसा दुखणे किंवा खोकला यांपैकी काहीच नसताना हुडहुडी आणि अंगदुखी असेल, तर फ्लूचा विचार बाजूला ठेवून इतर जागा तपासाव्या लागतात.

स्तनदाहाची सुरुवात हुबेहूब फ्लूसारखी होते. फरक असा, की सहसा एकाच स्तनाचा एखादा भाग लाल, गरम, कठीण आणि दुखरा होतो. अशा वेळीही पाजणे चालूच ठेवायचे असते. त्या बाजूने पाजणे बंद केल्यास दूध दाटून त्रास वाढतो. मात्र दूध पूर्ण रिकामे करण्याच्या हट्टाने जोरजोरात चोळणे किंवा सतत पंप लावणे टाळावे, कारण त्यामुळे सूज वाढते. थंड पट्ट्या आणि आयबुप्रोफेन यांनी आराम पडतो. २४ तासांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे.

ओटीपोटात दुखणे आणि अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी येणे गर्भाशयाच्या संसर्गाकडे निर्देश करते. लघवीला जळजळ आणि कमरेच्या वर एका बाजूला दुखणे मूत्रमार्गाच्या संसर्गाकडे, आणि टाक्यांची जागा लाल होऊन त्यातून पू येणे जखमेच्या संसर्गाकडे बोट दाखवते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. धाप लागणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे होणे किंवा उतरलेला ताप खोकल्यासह पुन्हा चढणे, अशा स्थितीत थेट रुग्णालय गाठावे.

बाळाचे नाक चोंदले आहे आणि ते नीट ओढत नाही. घरी काय करता येईल?

नवजात बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते, त्यामुळे नाक बंद झाले की ते स्तन पकडते, दोन-चार घोट घेते आणि श्वासासाठी सोडून रडते. पाजण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे एक-दोन थेंब घालून मिनिटभर थांबावे; आवश्यक वाटल्यास रबरी फुग्याच्या साधनाने हलकेच स्राव ओढून घ्यावा. हे सारखे केल्यास नाकाच्या आत सूज येते, म्हणून ते पाजण्याआधीपुरतेच ठेवावे. थोडे थोडे आणि वारंवार पाजावे. मोठ्यांचे नाकाचे थेंब, सर्दीचे सिरप किंवा काढे नवजात बाळाला देऊ नयेत.

बाळाला डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

३ महिन्यांपेक्षा लहान बाळाचे तापमान १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक असेल, तर दिवस असो वा रात्र, लगेच न्यावे, आणि तपासणीपूर्वी घरी तापाचे औषध देऊ नये, कारण त्याने ताप झाकला जातो, तापाचे मूळ जात नाही. नवजात बाळात संसर्गामुळे ताप चढण्याऐवजी अंग गार पडणेही शक्य असते. काखेतील तापमान ९७.७ च्या खाली असेल तर बाळाला छातीशी धरून ऊब द्यावी, आणि तरीही ते वर येत नसेल तर ते तितकेच गंभीर मानावे.

श्वास मोजण्यासाठी बाळ शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावी. नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, म्हणून १५ सेकंद मोजून चारने गुणणे फसवे ठरते. संख्या ६० किंवा अधिक आली तर पुन्हा मोजावे, आणि दुसऱ्यांदाही तितकीच आली तर न्यावे. बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, ओठ निळसर होणे, श्वास मध्येच थांबणे किंवा पाजण्यासाठी उठवूनही न उठणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर मोजण्यात वेळ घालवू नये.

मी स्तनपान देत असताना फ्लूची लस घेऊ शकते का? आजार झाल्यावर उपयोग आहे का?

घेऊ शकता, लस स्तनपानात सुरक्षित आहे. ६ महिन्यांपेक्षा लहान बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्यामुळे त्याचे संरक्षण त्याच्याभोवतीच्या माणसांच्या लसीकरणावर अवलंबून असते. संरक्षण तयार होण्यास सुमारे २ आठवडे लागतात, म्हणून चालू आजारावर लसीचा उपयोग नाही. बरे झाल्यावर मात्र ती घेता येते, कारण फ्लूचे अनेक प्रकार एकाच हंगामात फिरत असतात. बाळाला हाताळणाऱ्या इतरांनीही ती घ्यावी.

ही खबरदारी किती दिवस पाळावी?

औषधाशिवाय २४ तास ताप नसेल आणि इतर लक्षणेही उतरणीला लागली असतील, तर मधल्या वेळातील अंतराचा नियम सैल करता येतो. तरीही फ्लूमध्ये लक्षणे सुरू झाल्यापासून ५ ते ७ दिवस विषाणू बाहेर पडत राहतो, त्यामुळे पाजताना मास्क निदान ७ दिवस आणि खोकला टिकून असेल तर तो थांबेपर्यंत ठेवावा. ताप नसलेल्या साध्या सर्दीतही हाच नियम लावावा. मोठ्या माणसात केवळ नाक वाहण्यापुरता राहणारा आरएसव्ही हा विषाणू नवजात बाळात श्वासनलिकांच्या बारीक शाखांना सूज आणतो, आणि आईचे नाक कोणत्या विषाणूने वाहते आहे हे वरून पाहून ओळखता येत नाही. आईची लक्षणे थांबल्यानंतरही आणखी ४-५ दिवस बाळाचे दूध पिणे, श्वास आणि तापमान यांवर लक्ष ठेवावे, कारण शेवटच्या दिवशी झालेल्या लागणीची लक्षणे दिसायला तेवढा अवधी लागू शकतो.